नासाज तबियतीचा अर्ज

बाळंतिणीनं सव्वा महिना वाचायचं नाही, लिहायचं नाही, डोळे जातात, असं आमच्या घरी मानत. मी निजामाच्या राज्यात, जालन्याच्या मुलींच्या सरकारी शाळेत शिकवत होते, उर्दू मिडल पास होते, खात्याशी होणारा सगळा पत्रव्यवहार माझा मी करत होते. पण माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा अर्ज मला लिहू दिला नाही, कारण मी बाजेवर होते. तो माझ्या वडलांनी दुसऱ्याकडून लिहवून आणला. मी फक्त खाली सही केली. सही करताना तो वाचला होता, हे मात्र मी लपवणार नाही.

माझं माहेर आष्टीजवळचं. वडील शेतकरी. घरात शिकलेलं कोणी नव्हतं. मला शाळेत घातलं तेव्हा भावकीनं वडलांना पुष्कळ बोलून घेतलं. कोणी म्हणालं, "पोरीला काय तहसीलदार करतो का?" वडील म्हणाले, "झाली तर होऊ दे की. तुझा सारा माफ करायला सांगतो." पुढं मी मास्तरीण झाले आणि तेच लोक आपल्या अर्जावर उर्दूत काय लिहिलंय ते माझ्याकडून वाचून घेऊ लागले. आज माझ्या नावापुढं बी. ए. ही अक्षरं लागतात ती त्या एका माणसामुळं. म्हणून पुढं जे लिहिणार आहे ते तक्रार म्हणून कोणी वाचू नये.

लग्नानंतरही मी जालन्यालाच नोकरीत राहिले. मालक भोकरदनला मुलांच्या शाळेत मुदर्रिस, म्हणजे शिक्षक होते. त्यांचं घरही तिथंच, सासू-सासरे तिथंच. ते दर पंधरा दिवसांनी जालन्याला येत. माझी कायम होण्याची मुदत पुरी व्हायला थोडेच महिने राहिले होते. मी कायम झाले म्हणजे दोघांनी एका ठिकाणी बदली मागायची, असं ठरलं होतं.

दिवस भरत आले तशी बाळंतपणाची रुखसत घेऊन मी पहिल्या खेपेच्या रिवाजाप्रमाणं माहेरी आले. रुखसत म्हणजे रजा. त्या रजेचा नियम असा होता : एकूण तीन महिने, किंवा बाळंत झाल्या दिवसापासून सहा आठवडे, यातलं जे आधी संपेल तिथं रजा संपली. माझी सहा आठवड्यांनी संपणार होती. जास्त पाहिजे असेल तर डॉक्टरचा सदाकतनामा, म्हणजे दाखला, जोडायचा, आणि रुजू व्हायच्या तारखेपर्यंत अर्ज मुख्याध्यापिकेच्या हाती द्यायचा, तो त्यांच्या मार्फत औरंगाबादला मोहतमिमा साहेबांकडं जाई. या मोहतमिमा म्हणजे मुलींच्या शाळा तपासणाऱ्या अधिकारी बाई. मला नोकरीवर ठेवणं न ठेवणं त्यांच्या हातात होतं.

मला तीन दिवस कळा आल्या.

गावची सुईण म्हातारी होती, हात हलका होता, माझा जन्मही तिच्याच हातचा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, पहिलटकरीण आहे, वेळ लागंल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, डोकं खाली आलंय, आता काय राह्यलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती काही बोलेनाशी झाली. वडलांनी परतूरला न्यायला गाडी जुंपायला सांगितली, पण परतूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर पुरुष होता आणि आई दारात आडवी उभी राहिली. गाडी जुंपलेली तशीच अंगणात उभी होती. दुपारी सुईणीनं दोन्ही हातांनी ओढून मूल बाहेर काढलं. मुलगी. निळी पडली होती. उलटी धरून थापट्या मारल्या तेव्हा रडली. डावा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. तो ओढताना दुखावला होता.

मूल जगलं आणि मीही जगले, त्यामुळं घरात गूळ वाटला गेला, मुलगी म्हणून पेढे नाहीत. आठव्या दिवशी सकाळी बाज ओली झाली. आईला वाटलं, मुलीनं भिजवली. तिनं मुलीला उचललं, धडपा बदलला. थोड्या वेळानं पुन्हा ओली. मुलगी तर आईच्या मांडीवर होती.

तेव्हापासून लघवी थांबली नाही. मला लागली आहे असं कळायचंही नाही. उठले, बसले, कूस बदलली, की वाहायची. आईनं जुन्या लुगड्यांच्या घड्या केल्या. शेकाची शेगडी, ओव्याची धुरी होतीच, त्या वासात काही दिवस ते लपून गेलं. सुईण आली, बघितलं, आणि खाली बसली. "आतलं कातडं गेलं गं बाई," एवढंच म्हणाली. "सव्वा म्हैन्यानं भरून यीन." तिला खरंच तसं वाटत होतं की नाही, सांगता येत नाही. आईनं तिला लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली, हे तोंडातून बाहेर काढायचं नाही.

सगळ्यांना कळत होतं की या स्थितीत मी चाळीस मुलींसमोर उभी राहू शकत नाही. आणि मला हेही कळत होतं की रजा न वाढता मी हजर झाले नाही तर गैरहाजर धरतील, मग नाव कमी करतील. माझ्या जागी काम बघायला एक एवजी बाई नेमली होती. ती जागा तिला मिळेल. नोकरी गेली आणि हे दुखणं राहिलं, तर मी कुठं बसणार होते? सासरी या अंगानं मला कोण स्वयंपाकघरात शिरू देणार होतं? माहेरी वडील होते तोवर वडील. माझ्याजवळ उभं राहायला दुसरी जागाच नव्हती.

चौथा आठवडा लागला तेव्हा मी आईला म्हणाले, "दौत-लेखणी दे. अर्ज मला लिहू दे."

"सव्वा म्हैना होऊ दे."

"सव्वा महिना झाला की रजाच संपते, आई."

"मंग डोळे घालीव. ते एक ऱ्हायलंय."

वडील बाहेरून ऐकत होते. म्हणाले, "मी जातो परतूरला. तिथं अर्जनवीस हाये तहसीलीपुढं. तो झ्याक लिवतो."

अर्जनवीस म्हणजे कचेरीबाहेर चटई टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारा. त्याच्यापुढं काय झालं ते वडलांनी मला पुढं कितीतरी वेळा सांगितलं, कारण त्यांना वाटे की आपण तिथं फार हुशारीनं वागलो.

अर्जनवीसानं विचारलं, "पाटील, रुखसत कशापायी?"

"तबियत बरी न्हाई."

"काय होतंय?"

"तबियत बरी न्हाई, येवढं लिवा. बस."

"येवढं तर सगळेच लिवून देतेत. पेरणी आली की साऱ्या मास्तरांची तबियत नासाज. कचेरीवाले हसतेत. कायतरी खास सांगा."

वडील म्हणाले, "हा कागूद कोण वाचंल?"

"पैले आवकवाला. मंग अहलकार, तो टिपण लिवीन. मंग पेशकार. मंग साहेबा."

"म्हंजे बाई वाचायच्या आधी तीन बाप्ये वाचतेन."

"बराबर."

"मंग तुम्ही नासाजच लिवा."

पुढं ते तिथल्या डॉक्टरकडं गेले. मला नेलं नव्हतंच. डॉक्टर म्हणाला, मी बघितल्याशिवाय काय लिहू? वडलांनी सांगितलं, बाळंतीण आहे, अशक्त आहे. त्यानं अशक्तपणा, पंधरा दिवस आराम, असं लिहून दिलं. अर्ज फार सुंदर होता. पाच ओळींत मोहतमिमा साहेबांचा गौरव, दोन ओळींत माझी नम्रता, आणि मधे एक ओळ : जचगीनंतर फिदवियाची तबियत नासाज असल्यामुळं तीन महिन्यांची रुखसत मंजूर व्हावी. जचगी म्हणजे बाळंतपण, आणि फिदविया म्हणजे आपल्यावर जीव ओवाळून टाकणारी मी.

मी बाजेवर उठून बसले. वाचताना माझ्या खालची घडी भिजत होती. दाखला पंधरा दिवसांचा आणि मागणी तीन महिन्यांची, हे मला तेव्हाच दिसलं. नासाज या शब्दाला कचेरीत काय किंमत आहे, हेही ठाऊक होतं, कारण मी स्वतः एकदा चुलतबहिणीच्या लग्नासाठी तो वापरला होता. तरी मी सही केली. वडील समोर उभे होते. जे मी आईशीसुद्धा पुरतं बोलले नव्हते, ते या कागदावर लिहा असं त्यांना सांगायला मला तोंड नव्हतं.

रजा संपायला तीन दिवस राहिले असताना उत्तर आलं. नामंजूर. कारण सामान्य आहे, दाखला मागणीशी जुळत नाही, उस्तानीनं, म्हणजे शिक्षिकेनं, मुदतीवर रुजू व्हावं, न झाल्यास एवजी उस्तानीचा विचार केला जाईल.

मी आईला आणि मुलीला घेऊन परतूरहून रेल्वेनं जालन्याला गेले. डब्यात एक बाई दोन स्टेशनं माझ्याशेजारी बसली आणि मग उठून दुसरीकडं गेली.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका वयस्क मुसलमान बाई होत्या. आम्ही सगळ्या त्यांना आपा म्हणत असू. बोलायला कडक, पान खायच्या, हजेरीच्या बाबतीत घड्याळापेक्षा पक्क्या. रुजू व्हायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. पाच घड्या बांधल्या होत्या, वर जाड लुगडं. त्यांनी मुलीबद्दल विचारलं, मी सांगितलं. त्यांनी हजेरीची वही माझ्याकडं सरकवली. मी खुर्चीच्या कडेला बसले, टाक दौतीत बुडवला.

आपांनी वहीवर हात ठेवला.

"ठैर. सही नक्को कर."

मी वर बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, खुर्चीखाली बघत होत्या. फरशीवर एक ओघळ माझ्या टाचेपासून त्यांच्या टेबलाच्या पायापर्यंत गेला होता.

त्यांनी उठून दार लावलं. कडी घातली. मग पदर तोंडाला न लावता माझ्यासमोर येऊन बसल्या. ते मी विसरलेले नाही. तोपर्यंत जो जो जवळ आला त्याचा हात नाकाकडं गेला होता.

"कब से?"

"आठव्या दिवसापासून."

"और अर्जी में लिखी क्या, तबियत नासाज." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. "मेरे सामने से गई वो अर्जी. मैं समझी, पैला बच्चा है, माँ के घर में दिल लग गया छोकरी का. सिफारिश भी नईं लिखी मैं. किसने लिखाया?"

"वडलांनी."

"मर्द और क्या लिखाते." त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. "अच्छा सुन. तूने आज सही करी तो रुखसत का सिलसिला टूटा. रुजू हो गई तू. फिर नई रुखसत माँगनी पडेगी, और दो बरस की नौकरी पे लंबी रुखसत बनती नईं. सही नईं करी तो पुरानी रुखसत के साथ जोड के माँग सकते. आज आखरी दिन है. आज की तारीख में अर्जी मेरे हाथ में आना."

हा सगळा खेळ त्या एका सहीवर होता, आणि माझा टाक दौतीत बुडलेला होता. पुढं नोकरीच्या काळात मी रजेचे नियम तोंडपाठ केले, ते या सकाळमुळं.

आपांनी शाळेच्या शिपाईणबाईला टांगा आणायला लावलं आणि मला डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. या बाई जालन्यात बायकांचा दवाखाना चालवत. त्यांनी मला टेबलावर घेतलं, आरशासारखी एक पळी आत घालून दिव्याच्या उजेडात बघितलं. मग हात धुऊन नीट समजावून सांगितलं. असं मला तोवर कोणी समजावलं नव्हतं. मुलाचं डोकं तीन दिवस एका जागी अडून राहिलं. डोकं आणि हाड यांच्यामधे लघवीची पिशवी चेमटली. तिथलं मांस मेलं. आठवड्यानं ते गळून पडलं आणि भोक राहिलं.

"हे भरून येईल का?"

"आपोआप नाही. इतकं मोठं आहे. शिवावं लागेल."

"मग शिवा."

"आत्ता टाके धरणार नाहीत. मांस अजून कच्चं आहे, फाटेल. बाळंतपणाला तीन महिने होऊ द्या. मग हैदराबादच्या मोठ्या जनाना दवाखान्यात जा, मी चिठ्ठी देते. शिवल्यावर दोन-तीन आठवडे नळी ठेवून उताणं पडायचं. त्यानंतर तीन महिने जड उचलायचं नाही, फार उभं राहायचं नाही." मग म्हणाल्या, "पुढचं बाळंतपण झालं तर दवाखान्यातच, पोट चिरून. हे घरच्यांना सांगा."

मी म्हणाले, "हे सगळं दाखल्यात लिहाल का?"

"दाखला कशासाठी असतो?" त्या म्हणाल्या, आणि लिहिला.

दुपारी आपांच्या खोलीत मी अर्ज लिहायला बसले. खाली रबरी कापड घालून आपांनी मला चटईवर बसवलं होतं. मुलगी शेजारच्या खोलीत आईजवळ होती. सव्वा महिना पुरा होऊन आठवडा होत आला होता, म्हणजे डोळ्यांची भीती संपली होती. तरी एक तास मला कामाची ओळ लिहिता आली नाही. खुशामतीच्या ओळी सुचत होत्या, त्या सवयीच्या होत्या. मधली ओळ येत नव्हती.

आपा म्हणाल्या, "क्या हुआ?"

"तीन पुरुष वाचतील."

त्यांनी कपाटातून दोन लिफाफे काढले. "अर्जी छोटे में. लाख की मुहर. उस पे लिखते 'राज'. छोटा लिफाफा बडे में. बडा खोलेगा अहलकार, छोटा खोलने का उसको हुक्म नईं. जाता सीधा साहेबा के मेज पे. सरकार का कायदा है, बेटी. बस, लोगाँ को मालूम नईं रैता."

राज म्हणजे गुपित. खात्यात गोपनीय पत्रव्यवहाराची ही सोय होती. वडलांना ती ठाऊक असती, तर कदाचित त्यांनीही खरं लिहवलं असतं. असं मला वाटतं. खात्री नाही.

मग मी लिहिलं. मूळ उर्दूत होतं, त्याचा आशय जवळजवळ शब्दशः आठवतो, कारण मी त्याची नक्कल तीनदा केली :

"मला तीन दिवस कळा आल्या आणि मूल अडलं. मुलगी जिवंत आहे, तिचा डावा हात उचलत नाही. आठव्या दिवसापासून माझी लघवी थांबत नाही, रात्रंदिवस वाहते. मी वर्गात बसू किंवा उभी राहू शकत नाही. पहिल्या अर्जात हे लिहिलं नव्हतं, कारण लाज वाटली. तो अर्ज खोटा नव्हता, पण अपुरा होता, त्याची माफी मागते. डॉक्टरीणबाईंच्या दाखल्याप्रमाणं ऑपरेशन आणखी सहा आठवड्यांनी होईल आणि त्यानंतर तीन महिने विश्रांती लागेल. म्हणून बाळंतपणाच्या रजेला जोडून सहा महिन्यांची रजा मिळावी. पगारी बसत नसेल तर बिनपगारी द्यावी. माझी जागा राखून ठेवावी. बरी झाले नाही तर मी स्वतः राजीनामा देईन."

आपांनी वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ये काट. ये कोई नईं पूछा." मी ती ओळ गाळून पुन्हा लिहिलं. त्यांनी स्वतःची शिफारस जोडली : उस्तानी मेहनती आहे, एवजी बाई सहा महिने काम करायला राजी आहे, शाळेचा खोळंबा होणार नाही. हजेरीत माझ्या नावापुढं त्यांनी 'रुखसत विचाराधीन' असं लिहिलं. रजिस्टरनं लिफाफा त्याच दिवशी गेला.

आम्ही परत माहेरी आलो. वडलांना मी एवढंच सांगितलं की, कचेरी पुन्हा विचार करणार आहे.

साधारण तीन आठवड्यांनी हुकूम आला. सहा महिन्यांची रजा, बिनपगारी. ती कायम होण्याच्या मुदतीत धरली जाणार नव्हती, म्हणजे माझी मुदत तेवढी पुढं गेली. जागा माझी राहिली. वडलांनी कागद हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. त्यांना शिक्का ओळखू येत होता. त्यांनी तो कपाळाला लावला.

हुकमात रजेचं कारण लिहिलेलं होतं. हैदराबादला लघवीच्या पिशवीच्या जखमेचं ऑपरेशन करण्यासाठी, अशी एक ओळ. तिच्यावर माझं बोट थांबलं. माझा अर्ज बंद लिफाफ्यात गेला होता, पण हुकूम बंद लिफाफ्यात येत नाही. इतकी लांब रजा कारणाशिवाय हिशेबवाले मानत नाहीत. म्हणून ते लिहावं लागलं, आणि अहलकारानं त्याच्या तीन नकला केल्या : एक शाळेला, एक खजिन्याला, एक माझ्या मिसलीत, म्हणजे फायलीत. मोहतमिमा साहेबांनी माझ्यासाठी जितकं करता येईल तितकं केलं होतं. मी आजही त्यांचे उपकार मानते. आणि औरंगाबादच्या ज्या कचेरीत त्या नकला झाल्या, त्याच आवारात मुलांच्या शाळांचीही कचेरी होती, जिथं भोकरदनच्या मुदर्रिसांची मिसल ठेवलेली असे.

पंधरा दिवसांनी सासऱ्यांकडून एक नात्यातले गृहस्थ आले. ओट्यावर बसले, पाणी घेतलं नाही.

"पाटील, आमच्या कानावर आलंय ते खरं हाये का?"

"काय आलंय?"

"पोरीला काय झालंय ते."

वडील म्हणाले, "अशक्तपना हाये. बाळंतीण हाये ती."

"अशक्तपन्याला हैद्राबादला ऑपरेशन लागतं व्हय?" ते गृहस्थ वाईट नव्हते, त्यांनी खाली बघूनच सांगितलं. "घरात देवाचं सोवळं हाये. म्हातारी ऐकत न्हाई. बरी होऊ द्या, मंग बघू, असं म्हन्ले सगळे."

मी आत दाराआड उभी होते. मुलगी अंगावर पीत होती.

ते गेल्यावर वडलांनी तांब्यातलं पाणी अंगणात ओतलं. मग आईला म्हणाले, "आपन घरचे सोडून कोनाला ठाव व्हतं? सुईनीला. दुसरं कोन?"

मी तेव्हा बाहेर यायला हवं होतं. हुकमातली ती ओळ वाचून दाखवायला हवी होती. पण मग त्यांना कळलं असतं की मी दुसरा अर्ज लिहिला, रजा त्यांच्या अर्जानं मिळाली नव्हती, आणि जे त्यांनी तीन पुरुषांपासून लपवलं ते मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. मी आले नाही.

हैदराबादला आई माझ्यासोबत होती. दवाखान्यात अशा बायकांची एक वेगळी लांब खोली होती, मला वाटलं होतं मी एकटीच. तिथं सोळा वर्षांची एक पोरगी दोन वर्षांपासून होती. माझं ऑपरेशन एकदाच झालं आणि बहुतेक टाके धरले. नळी काढली त्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत कोरडी राहिले. डॉक्टरीण विचारत होती, थोडं थोडं येतं का. खोकला, शिंक आली की अजून येतं, तेव्हाही येत होतं. तेवढ्यावर माणूस नोकरी करू शकतो.

बरी झाले असं मी भोकरदनला कार्ड टाकलं. मग दुसरं टाकलं. उत्तर आलं नाही. वैशाखात मालकांचं दुसरं लग्न झाल्याचं आपांकडून कळलं, त्यांना खात्यातून कळलं होतं.

रजा संपली त्या दिवशी मी आपांच्या खोलीत जाऊन सही केली. आपांनी सही सुकवायला टीपकागद पुढं केला. पुढं मी कायम झाले. मुलगी माझ्याजवळ वाढली, डाव्या हातानं पाटी धरायची, उजव्यानं लिहायची. धरणं जमत होतं, उचलणं नाही. निजामाचं राज्य गेल्यावर मी मॅट्रिक केलं आणि बाहेरून बी. ए. सुद्धा. निकालाच्या दिवशी वडील आष्टीहून पेढे घेऊन आले होते. तेव्हा फेट्यात जपून ठेवलेला एक कागद त्यांनी आपांना दाखवला. परतूरच्या अर्जनवीसाकडून करून घेतलेली पहिल्या अर्जाची नक्कल होती ती. म्हणाले, "ह्या कागदानं माझ्या लेकीची नोकरी वाचली, बाईसाहेब. मी इज्जत पन जाऊ दिली न्हाई, आन् कामबी केलं."

आपांनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला. "बहोत अच्छा लिखाया आपने," म्हणाल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

त्या सुईणीला वडलांनी पुन्हा उंबऱ्यावर येऊ दिलं नाही. भावाच्या बायकोच्या दोन्ही वेळी दुसऱ्या गावची सुईण आणली. एकानं टाकलं म्हणून हळूहळू बाकीच्या घरांनीही टाकलं. सुगीत तिला जे पसाभर धान्य मिळे ते बंद झालं. मी सुट्टीत गेले की ती वाटेवर उभी असायची. तीन दिवस तिनं मला अडवून धरलं होतं, वेळेवर गाडीत बसवा असं म्हटलं नव्हतं, तो तिचा दोष होताच. पण ज्या गोष्टीसाठी तिला शिक्षा झाली ती तिनं केली नव्हती.

एकदा तिनं माझ्या मुलीच्या हाताला हात लावून बघितला आणि म्हणाली, "बाई, तुमच्या लेकराची आन घेतल्ती मी. कोनाला बोल्ले न्हाई."

मी म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"मंग तुमच्या बापाला सांगा ना."

मी सांगते म्हणाले. वडील त्यानंतर पुष्कळ वर्षं होते. ती त्यांच्या आधी गेली.